तारांकित घर

बिल्डरच्या ब्रोशरमध्ये कायम सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ऊन कोवळं असतं, रस्ता नुकताच धुतलेला असतो आणि त्यावर एकच गाडी असते, तीही पांढरी. बाल्कनीत उभी असलेली बाई कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरून क्षितिजाकडे बघत असते. (आमच्याकडे बाल्कनीतली बाई पाऊस यायच्या आत कपडे ओढून काढत असते.) पुढच्या पानावर हिरवळीत एक कुत्रा धावत असतो. त्याला पुढे सोसायटीच्या पहिल्याच सभेत लिफ्टबंदी होणार आहे, हे त्या बिचाऱ्याला माहीत नसतं. नकाशावर सगळे रस्ते सरळ असतात आणि विमानतळ 'फक्त २५ मिनिटं' असतो. किती वाजता निघाल्यावर, ते मात्र लिहिलेलं नसतं.

या कशालाही माझी हरकत नाही. चित्राखाली 'कलाकाराची कल्पना' असं प्रामाणिकपणे छापलेलं असतं, आणि कल्पनेवर अजून तरी जीएसटी नाही. माझं भांडण आहे ते आकड्याच्या डोक्यावर बसलेल्या त्या इवल्याशा ताऱ्याशी. ब्रोशरमधला आकडा पोस्टाच्या पेटीएवढा असतो, तारा तिळाएवढा, आणि तारा ज्याकडे बोट दाखवतो ती ओळ शेवटच्या पानावर, मुंगीने डायरी लिहावी तशा अक्षरात असते.

मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. त्याची शिक्षा म्हणून नात्यात कुणीही घर बघायला लागलं की ब्रोशर माझ्याकडे येतं. हल्ली ब्रोशर येत नाही, त्याचा फोटो येतो. माझ्या भाचीने, सईने, मोशीतल्या दोन प्रकल्पांचे असे फोटो पाठवले. एक हिरवं ब्रोशर, एक निळं. दोन्ही इमारती एकाच रस्त्यावर, मधे फार तर अर्धा किलोमीटर. फोटोंखाली एकच ओळ: "मामा, हिरवं घेऊ ना? ५,९९९ रुपये चौरस फूट आहे. निळ्याचा रेट ८,५०० आहे."

तिच्यामागे भावोजी होतेच. त्यांचा फोन आला. "अहो, यात विचारायचं काय आहे? अडीच हजारांचा फरक आहे फुटाला. आम्ही काय आकडे वाचायला शिकलो नाही?"

भावोजी आकडे वाचायला उत्तम शिकलेत. प्रश्न असा होता, की फोटोत आकडे होते कुठे?

फोटो काढताना माणूस चित्राकडे बघतो. त्यामुळे स्विमिंग पूल लख्ख आला होता, पोहणाऱ्या माणसाच्या चष्म्यावरचे थेंबसुद्धा मोजता येत होते. ज्या पानावर क्षेत्रफळाचा तक्ता होता तिथे मात्र गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइट पडली होती आणि टू बीएचकेची ओळ नेमकी त्या पांढऱ्या पट्ट्यात गेली होती. ताऱ्याच्या खुलाशावर सईचा अंगठा होता. शेवटचं पान तिने काढलंच नव्हतं, कारण "त्यात नुसतं बारीक बारीक लिहिलं होतं." मी तिला सांगितलं, आता नुसतं ते बारीक बारीक पाठव. आणि फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो दाबून लहान करून पाठवतं, आणि त्या दाबादाबीत सगळ्यात आधी जीव जातो तो बारीक आकड्यांचा.

दुसऱ्या खेपेला पानं नीट आली. हिरव्या ब्रोशरच्या तक्त्यात टू बीएचकेचं 'टोटल एरिया ७४८ चौरस फूट' असं ठळक होतं. ७४८ गुणिले ५,९९९, म्हणजे ४४ लाख ८७ हजार. पहिल्या पानावर तोच आकडा फुग्यांच्या माळेत लटकवला होता. पण डावीकडे चार बारीक रकाने होते: कार्पेट, बंदिस्त बाल्कनी ६२, ड्राय बाल्कनी २८, टेरेस ६०. कार्पेटचा आकडा एवढा पुसट, की तो ५९८ असेल किंवा ६९८ असेल. बेरीज केली तर ५९८ लागतो. पण बेरीज मुळातच बरोबर छापली असेल कशावरून, ही बँकेतली खोड जात नाही. म्हणून मी प्लॅनकडे वळलो.

प्लॅनमध्ये प्रत्येक खोलीचं माप असतं. हॉल १० बाय १५, म्हणजे दीडशे. स्वयंपाकघर ८ बाय ९, बहात्तर. एक बेडरूम १० बाय १२, दुसरी १० बाय ११. दोन बाथरूम मिळून साधारण त्रेसष्ट, आणि मधला पॅसेज पस्तीस. सगळं मिळून साडेपाचशे. राहिलेले अठ्ठेचाळीस फूट खोल्यांमधल्या आतल्या भिंतींचे, कारण रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडं टेरेस धरत नाहीत. म्हणजे ५९८ बरोबर बसतो. ६९८ असता, तर आतल्या भिंतींनी दीडशे फूट खाल्ले असते आणि सईला रायगडाच्या तटबंदीत संसार करावा लागला असता.

तरीही खात्री करायची तर ब्रोशर बाजूला ठेवायचं. ब्रोशरवर महारेराचा नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही द्यावा लागतो. तो मोबाइलने टिपला की प्रकल्पाचं सरकारी पान उघडतं. तिथे कुत्रा नाही, कॉफी नाही, आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आहे. आमच्या फ्लॅटसमोर ५५.५६ लिहिलं होतं. त्याला १०.७६४ ने गुणलं की ५९८.

आता भावोजींचा रेट काढायचा. ४४ लाख ८७ हजार भागिले ५९८. म्हणजे ७,५०४.

मिठाईवाला पेढे पुठ्ठ्याच्या खोक्यासकट काट्यावर ठेवतो तसा हा हिशेब आहे. पेढ्याचा भाव खराच कमी, फक्त आपण पुठ्ठाही त्याच भावाने घरी आणतो. २०१७ च्या आधी या खोक्याला सुपर बिल्टअप म्हणत, आणि त्यात जिना, लिफ्ट, वॉचमनची केबिन असं सगळं यायचं. रेरा आला आणि घराचं माप कार्पेटमध्येच सांगायचं ठरलं. मग खोकं थोडं लहान झालं आणि त्याचं नाव 'टोटल एरिया' किंवा 'युजेबल एरिया' पडलं. बाल्कनी वापरता येतेच, त्यामुळे शब्द खोटा म्हणता येत नाही. ड्राय बाल्कनीही वापरता येते. तिथे वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस उभा राहू शकत नाही, ही तांत्रिक बाब झाली.

निळ्या ब्रोशरने मात्र सरळ 'रेरा कार्पेट ६४०' लिहिलं होतं, बाल्कनीचे ९० फूट वेगळे, आणि भाव ८,५०० हा फक्त कार्पेटवर. एकूण ५४ लाख ४० हजार. मी भावोजींना फोन करून सांगितलं, की अडीच हजारांचा फरक आता हजारावर आला आहे. ते म्हणाले, "पण एकूण रकमेत साडेनऊ लाखांचा फरक आहे ना?" होता. तोपर्यंत होता.

मग मी हिरव्या ब्रोशरचं शेवटचं पान चष्मा पुसून वाचलं.

पहिलं कलम फ्लोअर राइज. चौथ्या मजल्यापासून वर प्रत्येक मजल्याला फुटाला ३० रुपये. सईला सातवा मजला दाखवला होता, म्हणजे १२० रुपये. तेही ७४८ फुटांवर, म्हणजे टेरेसवर पडणाऱ्या उन्हासाठीसुद्धा मजल्याचा आकार. ८९ हजार ७६०. मग कव्हर्ड पार्किंग साडेतीन लाख, 'अनिवार्य'. सईकडे स्कूटर आहे. मी तिला विचारलं, कव्हर्ड पार्किंग कुठलं दाखवलं? तिने लेआउटचा फोटो पाठवला. त्यात पांढरे पट्टे होते, पण वर आकाश होतं. उघड्यावरची पार्किंगची जागा बिल्डरला विकताच येत नाही, ती सगळ्या सोसायटीची असते. पैसे घ्यायचेच तर छताखालच्या जागेचे, आणि ती जागा कुठली, तिचा क्रमांक काय, ते करारनाम्यात लिहून द्यायचं. सईने ऑफिसमध्ये विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "मॅडम, कव्हर होणार आहे." कशाने, ते सांगितलं नाही.

त्यापुढे इन्फ्रास्ट्रक्चर आणि डेव्हलपमेंट दोन लाख, क्लबहाउस एक लाख. हे सगळं जोडल्यावर फ्लॅटची किंमत झाली ५२ लाख २७ हजार. ४४ लाख ८७ हजारांचा फुगा एवढा फुगेपर्यंत अजून सरकारचा एक रुपयाही यात आलेला नाही, हे लक्षात घ्या.

आणि आता या गोष्टीतला माझा लाडका प्रसंग. हिरव्या ब्रोशरवर फुग्याशेजारी एक गोल शिक्का होता: 'जीएसटी फक्त १%'. त्यावरही तारा.

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी पाच टक्के लागतो. परवडणाऱ्या घराला एक टक्का. परवडणारं कुणाला, हा प्रश्न कायद्याने एप्रिल २०१९ मध्ये सोडवला: किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट महानगरात ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९० पर्यंत. महानगरांची यादी कायद्यातच आहे. त्यात मुंबई आहे, हैदराबाद आहे, बंगळुरू आहे, पुणं नाही. पुणेकरांनी हे शांतपणे घ्यावं, यात आपला फायदा आहे. (तिकडे स्टॅम्प ड्युटीत मात्र मेट्रोचा एक टक्का अधिभार आपण भरतो. म्हणजे एकाच खरेदीत पुण्याला मेट्रो आहे, आणि पुणं मेट्रो नाही.)

सईचा फ्लॅट ५५ चौरस मीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात पास. किंमत ४४ लाख ८७ हजार, म्हणजे त्यातही पास. शिक्का खरा वाटतो. पण ४५ लाख कशाचे मोजायचे, तेही त्याच नियमात लिहिलंय. बिल्डर जे जे घेईल ते सगळं धरायचं: पार्किंग, डेव्हलपमेंट, चांगल्या जागेचा जादा आकार, सामायिक सोयींचे पैसे. फ्लोअर राइज मिळवल्याबरोबर आपण ४५ लाख ७७ हजारांवर जातो, आणि खेळ संपतो. ही रेषा ओलांडली की फक्त वरच्या रकमेवर जादा कर लागतो असंही नाही, सगळ्याच रकमेवर पाच टक्के लागतात. रेषेपलीकडचा पहिला रुपया एक लाख ऐंशी हजारांना पडतो.

सई हुशार. ती म्हणाली, "मामा, मग मी तिसरा मजला घेते. पार्किंगही नको म्हणते." घे. तरी डेव्हलपमेंटचे दोन आणि क्लबचा एक अनिवार्य आहेच. ४४ लाख ८७ हजारांत तीन लाख मिळवून बघ. त्या इमारतीत एक टक्क्यावर बसणारा टू बीएचके कुठल्याच मजल्यावर अस्तित्वात नव्हता. शिक्का तेवढा होता. तर जीएसटी ४५ हजार धरला होता, तो झाला २ लाख ६१ हजार.

स्टॅम्प ड्युटी पुण्या-पिंपरीत सगळे अधिभार धरून सात टक्के, आणि घर फक्त बाईच्या नावावर असेल तर सहा. 'फक्त' हा शब्द महत्त्वाचा. भावोजींना आपलं नाव दुसऱ्या क्रमांकावर घालायची फार हौस होती, "नुसतं आधाराला." त्या आधाराची किंमत बावन्न हजार रुपये होते, हे कळल्यावर त्यांनी तो काढून घेतला. आईचं नाव घातलं तर चालतं. (शासनाच्या रेडी रेकनरचा दर करारातल्या किमतीपेक्षा जास्त निघाला, तर ड्युटी त्यावर लागते. इथे तसं नव्हतं.) सहा टक्क्यांनी ३ लाख १४ हजार, नोंदणी फी ३० हजार. ती एक टक्का असते, पण तीस हजारांवर थांबते. या सगळ्या यादीत स्वतःहून थांबणारी ती एकटीच.

उरलेलं मी भराभर सांगतो. वकील, वीज मीटर आणि सोसायटीची नोंदणी मिळून एक लाख. मेंटेनन्स फुटाला तीन रुपये, तोही ७४८ वर, चोवीस महिन्यांचा आगाऊ आणि वर अठरा टक्के जीएसटी: ६३ हजार ५००. कॉर्पस फंड पन्नास हजार. बेरीज ६० लाख ४५ हजार.

४४ लाख ८७ हजार ते ६० लाख ४५ हजार. कार्पेटच्या फुटाला १०,११०. पोस्टाच्या पेटीएवढा ५,९९९ कुठे आणि हे कुठे!

इथे वाचकांना वाटेल, की आता निळं ब्रोशर शुभ्र घोड्यावर बसून येणार. तसं काही नाही. त्यातही तारा होता. 'ऑल इन्क्लुझिव्ह' या शब्दांच्या पोटात पार्किंग, मजला, क्लब आणि डेव्हलपमेंट होतं. सरकारी कर, वकील आणि मेंटेनन्स नव्हतं. जीएसटी पाच टक्के २ लाख ७२ हजार, स्टॅम्प ड्युटी ३ लाख २६ हजार, नोंदणी ३० हजार, वकील वगैरे साठ हजार, आणि एका वर्षाचा मेंटेनन्स फुटाला साडेतीनप्रमाणे करासकट ३२ हजार. बेरीज ६१ लाख ६० हजार. फुटाला ९,६२५. शिवाय पार्किंग यांत्रिक होतं: गाडी लोखंडी पाळण्यात चढवायची, आणि खालच्या गाडीवाला गावाला गेला असेल तर त्याच्या येण्याची वाट बघायची.

म्हणजे साडेनऊ लाखांचा फरक सव्वा लाखाच्या आत आला, आणि त्यात निळ्याकडे बेचाळीस फूट कार्पेट जास्त. बेचाळीस फूट म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. हिरव्या प्लॅनमधली दुसरी बेडरूम बघा, १० बाय ११. प्लॅनमध्ये तिच्यात डबल बेड, दोन टेबलं, कपाट आणि एक कुंडी आहे. चित्रातला बेड आणि चित्रातलं दार शेजारी धरून बघा, बेड दारापेक्षा जेमतेम दीडपट रुंद निघेल. खरा डबल बेड सहा फूट बाय साडेसहा. तो दहा फुटांच्या बाजूला लांबीने लावला, समोर दोन फूट खोलीचं कपाट केलं, की मधे दीड फूट उरतो. कपाटाचं दार उघडायचं तर आधी बेडवर चढून बसावं लागेल. तिथे बेचाळीस फूट मिळाले असते तर काय झालं असतं, हे मग समजतं.

मी हे सगळं पाठवलं आणि मला वाटलं, निकाल लागला. तेवढ्यात सईने विचारलं, "पण मामा, हिरव्याला बाल्कनी आणि टेरेस मिळून दीडशे फूट आहेत. निळ्याला नव्वदच. मला टेरेस हवंय. त्याची किंमत शून्य कशी?"

प्रश्न बिनतोड होता. बिल्डर टेरेस खोलीच्या भावाने विकतो, ते चूक. तसंच मी ते फुकट धरलं, तेही बरोबर नाही. आम्ही ठरवलं, की बाल्कनी-टेरेसचा फूट अर्धा फूट धरायचा. हा काही शास्त्रातला नियम नव्हे. ज्याला झाडं लावायची त्याने पाऊण धरावा, ज्याला जुने पेपर ठेवायचेत त्याने पाव. अर्ध्याने हिरवं झालं ६७३ फूट आणि निळं ६८५. पूर्ण खर्च त्यावर भागला: हिरवं ८,९८३, निळं ८,९९३.

दहा रुपये.

मी तीन वेळा कॅल्क्युलेटर पुसून बघितला. ज्या अडीच हजारांवर भावोजी टोकन भरायला निघाले होते, ते अडीच हजार घरात नव्हतेच. ते छपाईत होते. दोन्ही बिल्डर एकाच रस्त्यावर, एकाच भावाने जमीन घेऊन, एकाच भावाचं सिमेंट वापरतात. त्यांच्यात पंचवीसशेचा फरक पडणार तरी कसा? एकाने किंमत पहिल्या पानावर लिहिली, दुसऱ्याने शेवटच्या.

रेट सारखाच निघाला, तर मग कशावर ठरवायचं? मला विचाराल तर अशा गोष्टीवर, जी दोन्ही ब्रोशरांत पैशांच्या रकान्यात नव्हतीच. हिरव्या ब्रोशरवर लिहिलं होतं: 'या दिवाळीत बुक करा, पुढच्या दिवाळीत दिवे लावा.' महारेराच्या पानावर त्याच प्रकल्पाच्या पूर्ततेची तारीख तीन वर्षं पुढची होती. दिवे कुठेही लावता येतात, भाड्याच्या घरातसुद्धा, त्यामुळे जाहिरात तशी खरीच. निळ्याची तारीख दीड वर्षावर होती. सई भाड्याला अठरा हजार देते. दोन तारखांमध्ये अठरा महिने. म्हणजे ३ लाख २४ हजार रुपये, जे कुठल्याही बिल्डरला मिळणार नाहीत पण सईच्या खिशातून जाणारच. शिवाय बँकेने जेवढं कर्ज तोवर बिल्डरला दिलं असेल, त्याचं व्याज भाड्याच्या जोडीने सुरू. हिरवं घर तिथेच महाग झालं. दहा रुपयांच्या फरकाने नव्हे, सरळ तीन-सव्वातीन लाखांनी.

भावोजी म्हणाले, "उशीर झाला तर बिल्डर व्याज देतो ना, रेरात?" देतो, द्यावंच लागतं, पण ते करारनाम्यात लिहिलेल्या तारखेपासून मोजतात. करारनाम्यात दिवाळी नसते.

सई निळ्याकडे झुकली आहे, टेरेसचं दुःख बाजूला ठेवून. तिने अजून पैसे दिलेले नाहीत, आणि त्याबद्दल मला तिचं कौतुक वाटतं. दोन्ही ऑफिसांकडे तिने लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी कॉस्ट शीट मागितली आहे: हाच फ्लॅट, हाच मजला, हेच पार्किंग, ताबा मिळेपर्यंतचा शेवटचा रुपया धरून. निळ्यांनी दोन दिवसांत दिली. हिरव्यांनी सांगितलं, "मॅडम, ती बुकिंगनंतर मिळते." मला वाटतं, एवढं उत्तर पुरेसं आहे.

तुम्हीही घर बघत असाल, तर कॉस्ट शीट हातात आल्याशिवाय चेकबुक उघडू नका. उघडलंच, तर करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही, हे त्याला हसतमुखाने सांगा. आणि ताबा मिळाला म्हणून ब्रोशर रद्दीत घालू नका. त्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या १२ व्या कलमाखाली भरपाई मागता येते, किंवा घर सोडून सगळे पैसे व्याजासकट परत मागता येतात. तिथे पुरावा म्हणून तेच ब्रोशर लागतं, शेवटच्या पानासकट.